कंबरदुखी असलेल्या व्यक्तीसाठी गादी: कडकपणा, साहित्य आणि ट्रायल यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर या भागांतील बऱ्याच रुग्णांकडे मला घरी जावे लागते, त्यामुळे दवाखान्यात बसून जे कधीच दिसले नसते ते मला दिसते, म्हणजे रुग्ण रोज ज्यावर झोपतो ती गादी आणि तिच्याखालचा पलंग. पुढील प्रश्न याच घरांमध्ये मला पुन्हा पुन्हा विचारले गेले आहेत.

माझी कंबर गादीमुळेच दुखते, हे कसे ओळखावे?

वेळापत्रक पाहावे. गादीमुळे होणारे किंवा गादीमुळे वाढणारे दुखणे सहसा पहाटे आणि उठताना सर्वाधिक असते आणि हिंडू-फिरू लागल्यावर अर्ध्या-पाऊण तासात कमी होते. रात्री झोपताना बरे वाटत असेल आणि सकाळी उठताना वाईट, तर गादीवर संशय घेण्यास जागा आहे. उलट सकाळी बरे आणि संध्याकाळी दुकानातून किंवा कार्यालयातून परतल्यावर वाईट, असे असेल तर गादी बदलून फारसा फरक पडण्याची शक्यता नाही. तिथे बसण्याची पद्धत, वजन उचलण्याची सवय आणि स्नायूंची ताकद यांकडे पाहावे लागते.

दुसरी खूण म्हणजे जागा बदलल्यावर होणारा फरक. मुलीकडे पुण्याला गेल्यावर आठ दिवस कंबर दुखलीच नाही आणि परतल्यावर दुसऱ्याच सकाळी पुन्हा धरली, असे कोणी सांगितले की मी त्या घरच्या गादीची चौकशी करते. एक-दोन रात्रींवरून मात्र काही ठरवू नये. प्रवासाचा शीण, लग्नघरातील धावपळ यांनीही कंबर दुखते, म्हणून दुसऱ्या खोलीतील पलंगावर किमान पाच-सात रात्री झोपून पाहावे.

गादीचा विचार बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे कधी जावे?

पायात बधिरपणा किंवा अशक्तपणा येणे, मांड्यांच्या मध्ये आणि बैठकीच्या जागी संवेदना कमी होणे, लघवी किंवा शौचावरील ताबा सुटणे, ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. ताप, कारणाशिवाय घटणारे वजन, पूर्वी झालेला कर्करोग, पडल्यानंतर सुरू झालेले दुखणे किंवा कोणत्याही कुशीवर न थांबणारे रात्रीचे दुखणे असेल तरीही आधी तपासणी करून घ्यावी.

आणखी एक गोष्ट सहज निसटते. पंचविशी-तिशीतील व्यक्तीची कंबर कित्येक महिने सकाळी अर्ध्या तासाहून अधिक वेळ आखडलेली राहत असेल, विश्रांतीने दुखणे कमी न होता हालचालीने कमी होत असेल आणि पहाटे दुखण्यानेच जाग येत असेल, तर तो मणक्याच्या दाहाचा आजार असू शकतो. वर सांगितलेल्या गादीच्या लक्षणांशी ही लक्षणे इतकी जुळतात की अशा तरुणांच्या घरी दोन-दोन गाद्या बदलून झालेल्या मी पाहिल्या आहेत. तिथे गादीविक्रेत्याकडे जाण्याआधी संधिवाततज्ज्ञाकडे जायला हवे.

कंबर दुखत असेल तर कडक गादीच घ्यावी, किंवा सरळ जमिनीवर झोपावे, असे वडीलधारी सांगतात. ते बरोबर आहे का?

हा सल्ला ज्या काळात रूढ झाला त्या काळी घरोघरी कापसाच्या गाद्या होत्या. कापूस दबला की मध्ये खोलगट होतो आणि गादी पिंजून घेतली नाही तर त्या खळग्यात माणूस झोळीत निजल्यासारखा निजतो. त्या गादीपेक्षा तखत किंवा जमीन खरोखरच बरी होती. म्हणजे सल्ला खड्डा पडलेल्या गादीविरुद्ध होता. पुढे त्याचा अर्थ ‘जितकी कडक तितकी चांगली’ असा झाला.

स्पेनमध्ये ३१३ प्रौढांवर झालेली एक चाचणी २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. या सर्वांना दीर्घकाळची, विशिष्ट कारण न सापडलेली कंबरदुखी होती आणि ती झोपताना व उठताना जाणवत असे. निम्म्या लोकांना कडक गादी आणि निम्म्यांना मध्यम-कडक गादी देण्यात आली व कोणाला कोणती मिळाली हे त्यांना सांगितले नाही. नव्वद दिवसांनंतर मध्यम-कडक गादीवर झोपणाऱ्यांचे अंथरुणातील दुखणे, उठतानाचे दुखणे आणि दैनंदिन कामातील अडचण या तिन्ही बाबतींत कडक गादीवाल्यांपेक्षा अधिक सुधारणा दिसली.

या चाचणीची मर्यादाही ध्यानात घ्यावी. तिच्यावरून मऊ गादी चांगली असे ठरत नाही, कारण मऊ गादी त्यात नव्हतीच. मणक्याची शस्त्रक्रिया झालेल्या किंवा पायात कळ जाणाऱ्या रुग्णांनाही तिचा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही. एवढे मात्र म्हणता येते की साध्या, जुनाट कंबरदुखीसाठी फळीसारखी गादी शोधत फिरण्याचे कारण नाही.

जमिनीवर झोपण्याविषयी माझा आक्षेप जमिनीपेक्षा उठण्याला अधिक आहे. पासष्टीच्या बाईंना जमिनीवरून उठताना कंबर वाकवून जो जोर लावावा लागतो, त्यात रात्रभराचा आराम निघून जातो.

मध्यम-कडक म्हणजे नेमके किती? गादीवर लिहिलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवावा का?

आकड्यांवर बेतानेच विश्वास ठेवावा. बाजारात बहुतेक ठिकाणी १ म्हणजे अगदी मऊ आणि १० म्हणजे अगदी कडक असे धरून मध्यम-कडक गादीला ६ किंवा ७ म्हणतात. पण ज्या युरोपीय मापपट्टीवर वरील चाचणी झाली तिच्यात उलट, १ सर्वांत कडक आहे. शिवाय एका कंपनीची ‘मध्यम’ दुसरीच्या ‘कडक’इतकी असू शकते. ‘ऑर्थो’ हा शब्दही वैद्यकीय दर्जा सांगत नाही, तो विक्रीचा शब्द आहे. आपल्या बाजारात बहुतेक वेळा त्याचा अर्थ ‘कडक’ एवढाच असतो.

त्यातही कडकपणा हा गादीचा एकटीचा गुण नाही. झोपणाऱ्याचे वजन त्यात धरावे लागते. ९० किलोचा माणूस ज्या गादीला मध्यम म्हणतो तीच गादी ५५ किलोच्या बाईंना कडक वाटते, कारण त्यांचे शरीर वरचा थर पुरेसा दाबतच नाही. मुलगा दुकानात जाऊन, स्वतः आडवा होऊन आईसाठी गादी निवडतो, तेव्हा हीच चूक होते. ज्याची कंबर दुखते त्यानेच दुकानात जावे.

तिथे बसून पाहण्याला अर्थ नाही. चपला काढून, घरी ज्या कुशीवर झोपता त्याच कुशीवर, घरच्यासारखीच उशी घेऊन दहा-पंधरा मिनिटे पडून राहावे. दुकानदाराला अवघडल्यासारखे झाले तरी चालेल. उताणे झोपत असाल तर कंबरेच्या पोकळीखाली तळहात सरकवावा. हात आरपार मोकळा जाऊन वर जागा उरत असेल तर गादी आपल्यासाठी कडक आहे, हात घुसवावा लागत असेल आणि बैठकीचा भाग खाली गेलेला असेल तर ती मऊ आहे, आणि हात कंबरेला लागत लागत सरकत असेल तर ती योग्य आहे. कुशीवर झोपत असाल तर सोबतच्या व्यक्तीने मागून पाहावे. मानेपासून माकडहाडापर्यंत मणक्याची ओळ गादीला समांतर दिसली पाहिजे. कडक गादीवर खांदा आणि पुठ्ठा रुतत नाहीत, त्यामुळे त्यांच्यामधली कंबर खाली लोंबते. मऊ गादीवर पुठ्ठाच खाली जातो. शेवटी एकदा कूस बदलून पाहावी. त्यासाठी कोपर रोवावे लागत असेल तर ती गादी रात्री त्रास देणार.

‘३२ डेन्सिटी’, ‘४० डेन्सिटी’ म्हणजे कडकपणाच ना?

नाही, आणि दुकानात सर्वाधिक घोटाळा याच शब्दाने होतो. डेन्सिटी म्हणजे एक घनमीटर फोमचे किलोमध्ये वजन. तिच्यावरून फोम किती टिकेल याचा अंदाज येतो. तो कडक आहे की मऊ हे त्यावरून कळत नाही. ४० डेन्सिटीचा फोम मऊही बनवता येतो आणि २८ डेन्सिटीचा कडकही. फरक असा की २८चा कडक फोम लवकर दबतो आणि दुकानात जी गादी पसंत पडली ती वर्ष-दोन वर्षांत वेगळीच होऊन बसते. रोज झोपायच्या गादीचा खालचा, भार पेलणारा थर साध्या फोमचा असेल तर तो ३२च्या खाली नसावा आणि वजनदार व्यक्तीसाठी ४०च्या आसपास असावा, असे मी सांगते.

सांगितलेली डेन्सिटी खरी आहे का, हे घरच्या वजनकाट्यावर पाहता येते. ७२ × ३६ × ६ इंचांच्या गादीचे आकारमान सुमारे ०.२५५ घनमीटर होते. ती पूर्ण ३२ डेन्सिटीच्या फोमची असेल तर नुसत्या फोमचे वजन ८ किलोंहून थोडे अधिक भरेल आणि ४०ची असेल तर सुमारे १० किलो. त्यावर खोळीचे किलो-दीड किलो. आधी स्वतः काट्यावर उभे राहावे, मग गादीची गुंडाळी धरून उभे राहावे आणि वजाबाकी करावी. ‘४०ची’ म्हणून घेतलेली गादी खोळीसकट साडेसात किलो भरली, तर पुढे विचारण्यासारखे काही उरत नाही. हलक्या फोममध्ये खडूसारखी भुकटी घालून वजन वाढवण्याचा प्रकारही चालतो, म्हणून खोळीची चेन उघडून फोमचा कोपरा चिमटीत दाबून सोडावा. चांगला फोम लगेच उसळतो आणि बोटांना भुकटी लागत नाही. चेनच नसेल, तर थर पाहता येतील असा कापलेला नमुना मागावा.

कोणते साहित्य कंबरेला चांगले?

साहित्याच्या नावापेक्षा थरांची रचना पाहावी. खाली न दबणारा आधार आणि वर दीड-दोन इंचांचा, खांदा व पुठ्ठा सामावून घेणारा थर, ही रचना बहुतेकांच्या कंबरेला मानवते.

काथ्याची गादी म्हणजे नारळाचा काथ्या रबराने चिकटवून केलेली गादी. तिच्यातून हवा खेळते आणि ती स्वस्त पडते, पण एकटी वापरल्यास हलक्या वजनाच्या व्यक्तीला ती कडक जाते आणि काही वर्षांत मध्ये दबून तिचा भुसा पडू लागतो. रिबॉन्डेड म्हणजे फोमचे तुकडे चिकटवून, दाबून केलेला ठोकळा. त्याची डेन्सिटी ८०–१००च्या घरात असते आणि ‘ऑर्थो’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाद्यांच्या पोटात तोच असतो. आधारासाठी तो उत्तम, पण त्यावर मऊ थर हवाच. एचआर, म्हणजे हाय रेझिलियन्स, फोम दाब काढताच चटकन उसळतो, म्हणून खालच्या थरासाठी तो साध्या फोमपेक्षा बरा. स्प्रिंगमध्ये एकमेकांना जोडलेल्या तारांच्या जाळीपेक्षा सुट्या पिशव्यांतली, म्हणजे पॉकेट स्प्रिंग घ्यावी. एकाने कूस बदलली की दुसरा हलत नाही.

मेमरी फोमविषयी जरा सविस्तर सांगते, कारण त्याचा आपल्या हवेशी थेट संबंध आहे. हा फोम उष्णतेने मऊ आणि थंडीने कडक होतो. इंदुरात मे महिन्यात दुपारी पारा ४० अंशांच्या पुढे जातो आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री तो १० अंशांच्या खाली उतरतो. बंद, न तापवलेल्या खोलीत दोन ऋतूंमध्ये तीच गादी दोन निरनिराळ्या गाद्यांसारखी वागते. थंडीत आडवे होताच ती फळीसारखी लागते, मग अंगाच्या उबेने जिथे अंग टेकते तेवढीच मऊ होते, आणि कूस बदलली की पुन्हा गार, कडक भागावर यावे लागते. उन्हाळ्यात ती खोलवर रुतते आणि अंगाखाली उष्णता साठते. मेमरी फोमचा थर इंचभराचा असेल तर हे फारसे जाणवत नाही. दोन-तीन इंचांचा असेल तर जाणवते. नैसर्गिक लेटेक्सवर, म्हणजे रबराच्या चिकापासून केलेल्या फोमवर, तापमानाचा परिणाम त्या मानाने नगण्य असतो, तो लगेच उसळत असल्याने कूस बदलणे सोपे जाते आणि तो टिकतोही. मात्र तो महाग आणि वजनाला जड असतो. लेटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांनी तो टाळावा. कंबर दुखत असताना कूस बदलायला कष्ट पडणाऱ्या वयस्क व्यक्तीसाठी मी स्वतः मेमरी फोमपेक्षा लेटेक्सकडे झुकते.

नवीन गादी घेण्यापूर्वी घरच्या घरी काही करून पाहता येते का?

येते, आणि करावेच. जुन्या गादीवर कोणी झोपलेले नसताना आडवी सुतळी ताणून धरावी आणि मधल्या खळग्याची खोली पट्टीने मोजावी. इंचाहून अधिक खळगा असेल तर त्या गादीचे काम संपले. मग गादी उचलून खालचा पलंग पाहावा. लोखंडी पलंगाच्या सैल झालेल्या पट्ट्या किंवा फळ्यांमध्ये तीन इंचांहून मोठ्या फटी असतील, तर दोष पलंगाचा असू शकतो. गादी तीन-चार रात्री जमिनीवर टाकून झोपल्यास हे कळते.

खळगा नसेल, पण गादी कडक असल्याची शंका असेल, तर तिच्यावर दोन जाड गोधड्या किंवा रजया पसरून आठवडाभर झोपावे. दुखणे कमी झाले तर गादी थोडी मऊ हवी एवढे कळले, आणि कदाचित दोन इंचांचा टॉपर, म्हणजे गादीवर पसरायचा सुटा मऊ थर, घेऊनच काम भागेल. कडक गादी वरून मऊ करता येते. मऊ गादी कडक करण्याचा धड उपाय नाही.

शंभर रात्रींची ट्रायल म्हणजे नेमके काय? नियमांत काय पाहावे?

ऑनलाइन विकणाऱ्या अनेक कंपन्या गादी घरी आल्यावर ठरावीक दिवस, बहुधा शंभर रात्री, वापरून पसंत न पडल्यास परत घेतात. दुकानातून घेतलेल्या गादीला अशी सवलत बहुधा नसते. प्लास्टिक फाडले की ती तुमची. कंपनी तीच असली तरी तिच्या स्वतःच्या संकेतस्थळाऐवजी दुसऱ्या विक्रीमंचावरून घेतल्यास नियम बदलू शकतात.

पैसे देण्याआधी पाच गोष्टी लेखी वाचाव्यात. दिवस मागणीच्या तारखेपासून मोजतात की गादी पोहोचल्यापासून. परत करण्यापूर्वी किमान किती रात्री झोपावे लागते, कारण काही ठिकाणी तीस रात्रींची अट असते. गादी घेऊन जाण्याचा खर्च कोणाचा आणि आपल्या पिनकोडवर ती उचलायला कोणी येते का. बदलून मिळालेल्या गादीला नवी ट्रायल मिळते की जुनीच पुढे चालते. आणि मापानुसार बनवलेली गादी ट्रायलमध्ये धरतात का. शेवटची अट जुन्या इंदुरातील घरांना हमखास आडवी येते. सुताराकडून किंवा लोहाराकडून करवून घेतलेले आपले पलंग ७४ × ३४ असल्या मापांचे असतात, आणि त्या मापाची गादी मागवली की बहुतेक ठिकाणी परतीचा हक्क संपतो.

डागांचेही तसेच. रोज रात्री कंबरेला तेल लावून झोपण्याची सवय घरोघरी आहे. माझ्या आईची गादी परत करण्याची वेळ आली तेव्हा खोळीवरच्या तिळेलाच्या डागाकडे बोट दाखवून ती नाकारली गेली, आणि नियम वाचला तर कंपनीचे म्हणणे नियमाला धरूनच होते. पहिल्या रात्रीपासून जलरोधक प्रोटेक्टर घालावा आणि गादी उघडतानाच तिचे व बिलाचे फोटो काढून ठेवावेत.

वॉरंटी ही वेगळी गोष्ट आहे. दहा वर्षांची वॉरंटी खळगा पडणे, शिवण उसवणे अशा दोषांसाठी असते. ‘माझी कंबर दुखते’ हा वॉरंटीच्या भाषेत दोष नव्हे.

ट्रायलच्या काळात निर्णय कसा घ्यावा? एखादे उदाहरण सांगाल का?

रामबागेजवळच्या एका जुन्या घरातील काकूंचे उदाहरण सांगते. वय ६१, वजन ५८ किलो, कायम डाव्या कुशीवर झोपणाऱ्या. लोखंडी पलंग ७४ × ३४ इंचांचा, त्यावर मुलाने आणलेली चार इंचांची काथ्याची ‘ऑर्थो’ गादी. तपासणीत काळजीचे काही नव्हते. मी त्यांना एक वही दिली आणि रोज उठल्याबरोबर तीन गोष्टी लिहायला सांगितल्या: दुखणे ० ते १० पैकी किती, ते सैल व्हायला किती मिनिटे लागली आणि रात्री किती वेळा जाग आली. नवी गादी येण्याआधीच्या आठवड्यातील आकडे ६, ७, ६, ६, ७, ५, ६ असे होते, म्हणजे सरासरी ६.१, आणि सैल व्हायला जवळजवळ पाऊण तास. हा पहिला आठवडा लिहिलेला नसेल तर पुढच्या आकड्यांची तुलना कशाशीच करता येत नाही.

सुतळी लावली तेव्हा गादीत खळगा अर्ध्या इंचाचाच होता, पण पलंगाच्या पट्ट्या सैल होत्या. म्हणून पट्ट्यांवर १२ मिलिमीटरचा प्लाय टाकला. तो मुद्दाम ३६ इंच रुंद कापून घेतला. पलंगाला बाजूच्या पट्ट्या उंच नसल्याने तो दोन्हीकडे इंचभर बाहेर आला आणि त्यामुळे पुढे प्रमाणित ७२ × ३६ मापाची गादी ट्रायलसह मागवता आली. प्लायनंतरच्या आठवड्यातील सरासरी ५.९ होती, म्हणजे दोष मुख्यतः पट्ट्यांचा नव्हता. मग काथ्यावर दोन गोधड्या टाकल्या आणि सरासरी ४.७ वर आली. दिशा कळली.

डिसेंबरच्या सुरुवातीला मुलाने वर दोन इंचांचा मेमरी फोम असलेली गादी मागवली. मी साशंक होते, पण दुकानात ती काकूंना आवडली होती. अशी दाबून, गुंडाळून आलेली गादी पूर्ण फुलायला एक ते तीन दिवस लागतात, म्हणून पहिल्या तीन रात्री हिशेबात धरल्या नाहीत. शरीरालाही दोन-तीन आठवडे सवय व्हावी लागते, तेव्हा पहिल्या आठवड्यात घाई केली नाही. पुढचे आठवडे ५.०, ५.१, ५.४ आणि ५.३ असे गेले. थंडी वाढत होती आणि वहीत जाग येण्याचे आकडे दोनवरून चारवर गेले होते. काकू म्हणाल्या, “अगं, कूस बदलायची म्हणजे चिखलातून पाय काढल्यासारखं होतं.” चार आठवडे आकडे हलत नाहीत आणि जाग वाढते आहे, एवढे पुरेसे होते.

तीस रात्रींची अट पुरी झाल्यावर चौतिसाव्या रात्रीनंतर बदलीची मागणी केली. प्रोटेक्टर असल्याने खोळ स्वच्छ होती. नवी गादी, खाली चार इंच ४० डेन्सिटीचा एचआर फोम आणि वर दोन इंच लेटेक्स अशी, एक्केचाळिसाव्या दिवशी आली. इथे मुलगा शंभर दिवस नव्याने मोजू लागला होता. नियमानुसार मात्र मोजणी पहिल्या गादीपासूनच चालू होती, त्यामुळे हातात एकोणसाठच रात्री उरल्या होत्या. दोन आठवड्यांनी सरासरी ४.० झाली आणि मार्चच्या सुरुवातीला ३.१, सैल व्हायला पंधरा मिनिटे लागू लागली. नव्वदाव्या दिवशी गादी ठेवायचे ठरले. निर्णयासाठी शेवटची तारीख न गाठता दहा दिवस हाती ठेवावेत, कारण मागणी नोंदवणे, फोटो पाठवणे यांत दिवस जातात.

या सुधारणेत त्यांच्या रोजच्या व्यायामाचाही वाटा आहे; तो किती हे वहीतून वेगळे काढता येत नाही. व्यायाम पहिल्या आठवड्यापासून सारखाच ठेवला होता, म्हणून गाद्यांची आपापसातील तुलना तरी करता आली. ट्रायलच्या काळात नवा व्यायाम, नवे औषध किंवा नवी उशी सुरू केली, तर फरक कशाने पडला हे कळत नाही.

ट्रायल सुरू असताना दुखणे वाढले तर वाट पाहावी का?

पहिल्या आठवड्यात खांदा किंवा पाठ थोडी अवघडणे चालण्यासारखे आहे. दोन आठवड्यांनंतरही सरासरी जुन्या गादीपेक्षा वाईट असेल तर पुढे ओढत नेऊ नये. किमान रात्रींची अट असेल तर उरलेल्या रात्रींत गादी तशीच पसरून ठेवावी आणि स्वतः जुन्या जागी झोपावे. कळ पायात उतरू लागली तर गादीचा हिशेब थांबवून डॉक्टरांना दाखवावे.

पती-पत्नींच्या वजनात बराच फरक असेल तर?

७२ × ३६ इंचांच्या दोन वेगळ्या गाद्या शेजारी ठेवून वरून एकच चादर घालावी. दोघांच्या मधला मार्ग म्हणून घेतलेली एकच गादी बहुधा दोघांनाही मानवत नाही. दोन्हींची उंची मात्र सारखी असावी, नाहीतर मधली पायरी रात्री टोचते.

जुन्या गादीवरच नवी गादी टाकली तर चालेल का?

चालणार नाही. खालचा खळगा वरच्या गादीत उतरतो आणि महिनाभर झोपूनही ट्रायलमध्ये नेमकी कोणती गादी तपासली हे सांगता येत नाही. शिवाय खाली योग्य पाया नव्हता, असे दिसल्यास अनेक कंपन्या वॉरंटी नाकारतात. जुनी काथ्याची गादी खळगा नसेल तर पाहुण्यांसाठी तखतावर ठेवावी, खळगा असेल तर काढून टाकावी.